एकाच कानातलं डूल

"आत्या, ही बाई खरी आहे का?"

प्रश्नासोबत भाचीने लिंक्डइनचा स्क्रीनशॉट पाठवला होता. भाची सांगलीत असते, बी.कॉम. होऊन सहा महिने नोकरी शोधते आहे. तिला निरोप पाठवणारी बाई स्वतःला एका रिक्रूटमेंट कंपनीची 'टॅलेंट मॅनेजर' म्हणवत होती. पुण्यातलं काम, पण घरून करायचं. पगार महिना बत्तीस हजार. इंटरव्ह्यू फक्त चॅटवर. लॅपटॉप घरी येईल, त्याचं 'परत मिळणारं' डिपॉझिट तेवढं आधी भरायचं. फोटोत तिशीची हसरी बाई, निळा ब्लेझर, मोकळे केस, मागे हिरवट धूसर काहीतरी.

डिपॉझिटचं वाक्य वाचूनच मला उत्तर कळलं होतं. पण भाचीला ते पुरलं नसतं. घरात सगळेच "पैसे मागतात म्हणजे फसवणूक" असं सांगत असतात आणि तिला ते मोठ्यांचं नेहमीचं भय वाटतं. शिवाय सगळेच लबाड पहिल्या निरोपात पैसे मागत नाहीत. काही जण आधी आठवडाभर गोड बोलतात, आधार-पॅनच्या प्रती घेतात आणि मग विषय काढतात. तेव्हा तिने विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर शोधायचं ठरवलं. ही बाई खरी आहे का?

नुसतं निरखून हे कळत नाही, ही गोष्ट आधीच मान्य करावी. सोफी नाइटिंगेल आणि हॅनी फरीद या दोन संशोधकांनी २०२२ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही चेहरे खऱ्या माणसांचे, काही संगणकाने बनवलेले. लोकांनी फक्त खरा की खोटा एवढंच सांगायचं. बरोबर उत्तरं आली ४८ टक्के, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी थोडी जास्तच आली असती. दुसऱ्या गटाला काय बघायचं ते आधी शिकवलं आणि प्रत्येक उत्तरानंतर चूक की बरोबर तेही सांगितलं, तरी गाडी ५९ टक्क्यांवरच थांबली. आणखी एक वेगळी चाचणी घेतली, कोणता चेहरा किती विश्वासू वाटतो याची. तिच्यात बनावट चेहऱ्यांना खऱ्यांपेक्षा जास्त गुण मिळाले. असे चेहरे सरासरीच्या जवळ जाणारे असतात आणि सरासरी चेहरा आपल्याला ओळखीचा वाटतो. 'चेहऱ्यावरून तर चांगली वाटते' हे आपलं वाक्य या बाबतीत उलटंच पडतं.

म्हणून चेहऱ्याकडे टक लावून न बसता मी दुसरा प्रश्न धरला. हा फोटो इथे सोडून आणखी कुठे आहे?

भाचीला फोटो सेव्ह करायला सांगितला. प्रोफाइलवर तो गोल दिसतो, पण फोटोवर टॅप करून मोठा केला की चौकोनी मिळण्याची शक्यता असते. चौकोनीच हवा, कारण ते पुढे कामाला येतं. मग तो गूगल लेन्समध्ये टाकला. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये फोटोवर राइट क्लिक केलं की लेन्सचा पर्याय येतो. फोनवर गूगलच्या शोधपट्टीत कॅमेऱ्याचं चिन्ह असतं. तोच फोटो नंतर `tineye.com` वरही टाकला.

या दोघांच्या कामात फरक आहे. टिनआय हुबेहूब तोच फोटो शोधतं. तो कापलेला असला, लहान-मोठा केलेला असला तरी चालतो, पण फोटो तोच लागतो. तिथे निकाल जुन्यापासून नव्याकडे लावता येतात, म्हणजे त्याला सापडलेली सगळ्यात जुनी प्रत आधी दिसते. लेन्स मात्र 'असं दिसणारं' काहीही आणून समोर ठेवतं. निळ्या ब्लेझरमधल्या शंभर बायका दाखवतं आणि त्यातली एखादी खरंच सारखी दिसते. इथे नवखा माणूस फसतो. सारखी दिसणारी बाई सापडणं हा पुरावा नव्हे. फोटो तोच आहे का हे ठरवायला नाकडोळे बघू नयेत, ब्लेझरच्या कॉलरची घडी बघावी, कपाळावर आलेली केसांची बट बघावी, गालावर उजेड कुठून पडलाय ते बघावं. एकाच बाईचे दोन फोटो काढले तरी या तीन गोष्टी सहसा जुळत नाहीत. त्या जुळल्या तर फोटो तोच.

आमच्या बाईचा फोटो कुठेच सापडला नाही. भाची खूश झाली. "म्हणजे खरी!"

नाही. न सापडण्याचे दोन अर्थ निघतात. एखादी साधी, नेटवर फारशी नसलेली बाई असेल, तर तिचा फोटो सापडत नाहीच. आणि संगणकाने काल रात्री नवा चेहरा बनवला असेल, तर तोही कुठे सापडणार नाही. चोरलेला किंवा विकत घेतलेला फोटो पकडला जातो, म्हणून तर फसवणाऱ्यांना नवा चेहरा सोयीचा. एका फोटोवरून इथून पुढे जाता येईना. मग मी कंपनीची वेबसाइट उघडली आणि 'आमची टीम' या पानावर गेले. तिथे आमच्या बाईसह सहा चेहरे होते. एकाला लपवणं सोपं असतं, सहा जणांना लपवणं अवघड.

पहिले संचालक. पांढरे केस, टाय, हात बांधलेले. फोटोवर राइट क्लिक करून तो नव्या टॅबमध्ये उघडला आणि वर पत्त्याच्या पट्टीत बघितलं. हे फार कमी लोक करतात, पण फोटोच्या फाइलचं नाव पुष्कळदा चुगली करतं. एखाद्या फाइलच्या नावात `shutterstock` किंवा `istock` आणि पुढे लांबलचक आकडा तसाच राहिलेला असतो. काही ठिकाणी पत्ता `images.unsplash.com` ने सुरू होतो, म्हणजे फोटो फुकट फोटोंच्या साठ्यातून थेट आणलेला आहे. संचालकांच्या फाइलला साधंच नाव होतं, पण टिनआयने त्यांना पकडलं. हेच गृहस्थ एका परदेशी दवाखान्याच्या जाहिरातीत दंतवैद्य होते आणि विमा विकणाऱ्या एका पानावर सुखी निवृत्त आजोबा.

याला स्टॉक फोटो म्हणतात. मॉडेल एकदा फोटो काढून देतो, साठवणारी कंपनी तो कुणालाही विकते आणि मग तो चेहरा जगभर भटकतो. तो वापरणं बेकायदा नाही. कित्येक प्रामाणिक छोट्या कंपन्या मुखपृष्ठावर हसऱ्या अनोळखी माणसांचा घोळका लावतात, त्यावरून कुणाला चोर ठरवू नये. पण त्या माणसाच्या खाली नाव आणि 'संस्थापक-संचालक' असं लिहिलं की ते सरळ खोटं होतं. काही जण तर विकत घेण्याचेही कष्ट घेत नाहीत. काही वर्षांपूर्वी आभासी चलनाच्या नावाखाली पैसे गोळा करणाऱ्या एका कंपनीने टीमच्या पानावर ग्राफिक डिझायनर म्हणून चक्क हॉलिवूडच्या रायन गॉसलिंगचा फोटो लावला होता, खाली वेगळं नाव देऊन.

या चेहऱ्यांमागे खरी माणसं असतात, हेही लक्षात ठेवावं. दक्षिण आफ्रिकेची लेखिका शुबनम खान विद्यार्थिनी असताना एका फुकटच्या फोटोशूटला गेली, न वाचता कागदावर सही केली आणि पुढे तिचा चेहरा देशोदेशीच्या जाहिरातींत, भलत्याच नावांनी दिलेल्या अभिप्रायांशेजारी दिसू लागला. तिला ते मैत्रिणीने कळवलं तेव्हा समजलं. म्हणून फोटो सापडला की त्या माणसाला शोधून शिव्या देऊ नयेत. बहुतेक वेळा त्यालाही याचा पत्ता नसतो.

टीमच्या पानावरचे दुसरे आणि तिसरे चेहरे, एक 'अकाउंट्स हेड' आणि एक 'आयटी लीड', यांच्या फोटोंचे पत्ते असे निघाले:

```
randomuser.me/api/portraits/men/32.jpg
randomuser.me/api/portraits/women/44.jpg
```

हे मला सगळ्यात गमतीचं वाटलं. वेबसाइट बनवणाऱ्याला रिकाम्या जागी तात्पुरती माणसं बसवून बघायची असतात, पान कसं दिसतंय ते कळावं म्हणून. अशी नमुन्याची माणसं पुरवणाऱ्या सेवा आहेत, त्यातली ही एक. पुरुष क्रमांक बत्तीस, स्त्री क्रमांक चव्वेचाळीस. कापडाच्या दुकानातल्या पुतळ्यालाच पगारपत्रकावर घ्यावं तसा प्रकार. तयार टेम्प्लेटमध्येही असे नमुन्याचे चेहरे असतात आणि घाईत साइट उभी करणारा माणूस नुसती नावं बदलतो. म्हणून तेच चेहरे एका साइटवर वकील आणि दुसऱ्या साइटवर योगशिक्षक असतात. एखाद्या खऱ्या कंपनीचं पान अर्धवट राहिलं म्हणूनही असं होऊ शकतं. पण मग त्या चेहऱ्यांखाली पूर्ण नाव, हुद्दा आणि 'पंधरा वर्षांचा अनुभव' लिहिलेला नसतो.

उरले तीन चेहरे, आमची बाई धरून. तिघांचेही फोटो कुठेच सापडेनात. आता मात्र एकाऐवजी तीन फोटो हातात होते.

२०१९ च्या फेब्रुवारीत एन्व्हिडिया कंपनीने 'स्टाइलगॅन' ही चेहरे बनवणारी प्रणाली सगळ्यांसाठी खुली केली. त्याच महिन्यात एक वेबसाइट निघाली, जी प्रत्येक वेळी उघडली की अस्तित्वात नसलेल्या माणसाचा नवा चेहरा दाखवते. ही प्रणाली शिकली ती फ्लिकरवरच्या ७० हजार खऱ्या फोटोंवरून. शिकवण्याआधी प्रत्येक फोटो वळवून, लहान-मोठा करून, कापून असा बसवला होता की डोळे आणि तोंड चौकटीत ठरावीक जागीच यावेत. यंत्र चेहरा शिकलं आणि त्याच्यासोबत ही चौकटही शिकलं. त्याच्या लेखी डोळे तिथेच असतात, म्हणून ते बनवतं त्या प्रत्येक चेहऱ्याचे डोळेही तिथेच येतात. पेणच्या कारखान्यात एका साच्यातून निघालेल्या गणपतींचे रंग, शेला, मुकुट वेगवेगळे असतात, डोळ्यांची जागा मात्र साच्याने ठरवलेली असते. तसंच हे.

तपासायला काही विकत घ्यावं लागत नाही. तिन्ही चौकोनी फोटो एकाच आकाराचे करून फोनच्या गॅलरीत ओळीने ठेवायचे आणि बोटाने भरभर सरकवायचे. मी भाचीला तेच करायला लावलं. पहिल्या फोटोतल्या डोळ्यांवर नजर रोखून धर आणि सरकव. केस बदलले, रंग बदलला, बाईचा बुवा झाला, पण डोळे जागचे हलले नाहीत. दोन्ही डोळे चौकटीच्या उंचीच्या जवळजवळ मधोमध, अगदी किंचित वर. भाची दचकली. कॉम्प्युटर असेल तर गूगल स्लाइड्समध्ये एकावर एक फोटो ठेवून वरच्याची पारदर्शकता वाढवली की तेच दिसतं. दोन माणसांच्या चेहऱ्यांना मिळून डोळ्यांची एकच जोडी.

एकट्या फोटोवर ही युक्ती चालवू नये. आपले पासपोर्ट फोटो बघा, स्टुडिओवालाही चेहरा मधोमधच बसवतो. पण दहा जणांचे पासपोर्ट फोटो गॅलरीत सरकवले तर डोळे वर-खाली उडताना दिसतात. कुणाची मान उंच, कुणाचं कपाळ मोठं, कुणाला फोटोग्राफरने थोडं डावीकडे बसवलेलं. वेगवेगळ्या माणसांचे डोळे नेमके जुळणं, हा संशयाचा मुद्दा आहे.

ही युक्ती गाजली ती तेव्हा स्टॅनफर्डमध्ये असलेल्या रने डिरेस्टा यांच्यामुळे. त्या ऑनलाइन खोटेपणाच्या अभ्यासक. त्यांना लिंक्डइनवर एका बाईचा निरोप आला, काहीतरी विकू पाहणारा. फोटो बघून त्या थबकल्या. डोळे बरोब्बर मधोमध, डूल एकाच कानात, केसांच्या काही बटा मागच्या धूसरपणात विरघळलेल्या. त्यांनी सहकारी जॉश गोल्डस्टीन यांच्यासोबत शोध घेतला तेव्हा बनवलेल्या चेहऱ्यांची एक हजाराहून जास्त प्रोफाइल सापडली. अमेरिकेच्या एनपीआर रेडिओने मार्च २०२२ मध्ये ही हकीकत दिली. ती प्रोफाइल नोकरीच्या नावाने लुटणारी नव्हती, गिऱ्हाईक गाठायला विक्रीवाल्यांनी उभी केलेली होती. पण पद्धत तीच.

डुलाची गंमत सांगायला हवी. यंत्राला डावा कान आणि उजवा कान यांचं नातं नीट कळत नाही. प्रत्येक भाग त्याच्या जागी पटण्यासारखा दिसावा एवढंच ते बघतं. म्हणून एका कानात डूल आणि दुसरा मोकळा, किंवा दोन कानांत दोन तऱ्हा. चष्म्याच्या दोन काड्या वेगळ्या, कॉलरची दोन टोकं वेगळी, तेही याच कारणाने. आमच्या बाईच्या उजव्या कानात मोत्याचं डूल होतं. डावा कान केसांतून अर्धा दिसत होता आणि तो मोकळा होता. अर्थात, घाईत एक डूल विसरून ऑफिसला गेलेल्या खऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, मीही त्यातली एक. म्हणून डूल हा जोडीचा पुरावा, एकटा नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल की हातात जादूची कांडी आली. तसं नाही, आणि ही युक्ती दिवसेंदिवस म्हातारी होत चालली आहे. फसवणाऱ्याने फोटो थोडा कापला किंवा तिरका केला की डोळे हलतात. २०२२ नंतर तर वर्णन लिहून चित्र काढून देणारी वेगळ्या जातीची साधनं आली. 'तिशीची भारतीय स्त्री, ऑफिसमध्ये, खिडकीजवळ' असं लिहिलं की ती पूर्ण फोटो देतात आणि त्यांना डोळ्यांचा साचा नाही. अशा फोटोत गळ्यातल्या ओळखपत्रावरची अक्षरं कुठल्याच भाषेची नसतात, मागच्या फळ्यावर गिचमिड असते, बटण आणि काज यांचा मेळ बसत नाही. पण हेही दोष कमी होत चालले आहेत. फोटो टाकला की 'इतके टक्के बनावट' असं सांगणाऱ्या फुकट साइट आहेत. त्यांच्यावर मी निर्णय सोपवत नाही. लहान केलेला, पुन्हा पुन्हा सेव्ह झालेला फोटो दिला की त्या खऱ्यालाही खोटं म्हणतात आणि खोट्यालाही पास करतात.

उलट बाजूही आहे. आजकाल खरीखुरी एचआरची माणसं सेल्फी देऊन अ‍ॅपकडून कोटातला फोटो बनवून घेतात. तो गुळगुळीत, बनावटच दिसतो आणि आतलं माणूस खरं असतं. म्हणून फोटो संशयास्पद निघाला की मी त्या चेहऱ्याचा दुसरा फोटो शोधते. खऱ्या रिक्रूटरचा चेहरा इतरांच्या पोस्टमध्येही सापडतो. कुठल्या कॉलेजच्या कॅम्पस ड्राइव्हमध्ये मागच्या रांगेत, दिवाळीला ऑफिसात काढलेल्या फोटोत, डोळे अर्धे मिटलेले, दोन वर्षांपूर्वीचे छोटे केस. बनवलेल्या चेहऱ्याचा सहसा एकच फोटो असतो आणि त्यात तो कायम सुंदर असतो. लिंक्डइनवर प्रोफाइलच्या मेनूत `About this profile` असं एक पान आहे. खातं कोणत्या महिन्यात उघडलं, फोटो शेवटचा कधी बदलला, ओळख किंवा ऑफिसचा ईमेल पडताळला आहे का, हे तिथे दिसतं. आमच्या बाईच्या प्रोफाइलवर बारा वर्षांचा अनुभव होता आणि खातं उघडून दोन महिने झाले होते.

एका प्रकारापुढे मात्र फोटोची सगळी तपासणी हात टेकते. खऱ्या कंपनीच्या खऱ्या रिक्रूटरचं नाव आणि फोटो जसाच्या तसा उचलून दुसरं खातं उघडलं, तर चेहरा खरा, नाव खरं, टीमच्या पानावरही ते माणूस हजर. शोध घेतला की सगळं जुळतं, कारण सगळं खरंच आहे, बोलणारा तेवढा दुसरा. तिथे फोटो सोडून द्यायचा. कंपनीची वेबसाइट निरोपातल्या लिंकवरून न उघडता स्वतः शोधून उघडायची, तिथल्या फोन नंबरवर किंवा करिअरच्या पानावरच्या ईमेलवर विचारायचं की या नावाच्या व्यक्तीने मला निरोप पाठवलाय का. आणि पैसे गेलेच असतील तर फोटोत वेळ न घालवता आधी १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर फिरवायचा. तो जितक्या लवकर फिरवला जाईल तितकी पुढच्या खात्यातले पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

भाचीने बाईला एवढंच लिहिलं की पाच मिनिटं व्हिडिओ कॉलवर बोलूया. उत्तर आलं, कंपनीच्या धोरणात बसत नाही. मग दोन तासांनी डिपॉझिट निम्मं करून देते असा निरोप आला. भाचीने प्रोफाइल रिपोर्ट केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते गायब होतं. कुणी काढलं, लिंक्डइनने की तिने स्वतः, ते कळलं नाही.

तीन आठवड्यांनी तिच्या कोल्हापूरच्या मैत्रिणीने एक स्क्रीनशॉट पाठवला. कंपनी वेगळी, नाव वेगळं, गाव बंगळुरू. ब्लेझर निळाच. भाचीने आपल्या गॅलरीतला जुना फोटो काढून शेजारी ठेवला. डूल या वेळी डाव्या कानात होतं. फोटो आरशात धरल्यासारखा उलटा केला होता.